कॅफेच्या कपातली साखर: कोणती काढता येते, कोणती नाही

कॅफेच्या मेन्यूवर कॉफीची नावे वीस असोत की पन्नास, त्या सगळ्यांत जिन्नस चारच असतात: कॉफी, दूध, गोडी आणि वरची सजावट. यांपैकी कॉफीचा कॅलरींतला वाटा नगण्य आहे. एस्प्रेसोच्या ३० मिलिलिटरच्या एका शॉटमध्ये फार तर पाच कॅलरी असतात. म्हणजे पेय हलके होते की जड, हे उरलेले तीन जिन्नस ठरवतात. त्यातही प्रत्येकाचे काम वेगळे आहे. दुधातून मुख्यतः कॅलरी येतात, सिरप आणि सॉसमधून साखर येते, आणि वरच्या क्रीममधून स्निग्धांश. हा फरक लक्षात घेतला नाही तर कॅलरी कमी करायला म्हणून केलेला बदल साखरेला स्पर्शही करत नाही.

व्हॅनिला लाटे हे याचे सोपे उदाहरण. साधारण ३५० मिलिलिटरच्या गरम कपात एस्प्रेसोचे दोन शॉट, २४० मिलिलिटरच्या आसपास दूध आणि दूध वाफवताना आलेला फेस असतो. व्हॅनिला सिरपचे २० मिलिलिटर त्यात पडते. दूध टोन्ड असेल तर त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ५८ कॅलरी असतात, म्हणजे कपातल्या दुधाच्या सुमारे १४० झाल्या. कॅफेत वापरल्या जाणाऱ्या दाट सिरपच्या १० मिलिलिटरमध्ये ६ ते ८ ग्रॅम साखर असते. आठ ग्रॅम धरली तर २० मिलिलिटरची १६ ग्रॅम. साखरेच्या एका ग्रॅममागे चार कॅलरी, म्हणून सिरपच्या ६४. सगळे मिळून साधारण २०५ कॅलरी.

आता हीच लाटे सिरप न घालता, पण फुल क्रीम दुधाची केली तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. फुल क्रीम दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये ८७ च्या आसपास कॅलरी असतात. २४० मिलिलिटरच्या २०९ होतात. म्हणजे बिनसाखरेची फुल क्रीम लाटे आणि टोन्ड दुधाची व्हॅनिला लाटे या दोन्हींच्या कॅलरी जवळपास सारख्याच. पण पहिल्या कपात वरून घातलेली साखर शून्य आहे, दुसऱ्यात १६ ग्रॅम. कॅफेत मिळणारी साखरेची पुडी बहुधा ५ ग्रॅमची असते. या हिशेबाने व्हॅनिला लाटेत तीन पुड्या आधीच विरघळलेल्या असतात.

मेन्यूवर ही गोष्ट दिसत नाही. एफएसएसएआय म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना प्रत्येक पदार्थापुढे त्याच्या एका वाढणीच्या कॅलरी लिहाव्या लागतात. त्यामुळे मोठ्या साखळी कॅफेंच्या बोर्डवर पेयाच्या नावापुढे बारीक अक्षरात आकडा असतो. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात, ही ओळही तिथेच कुठेतरी छापलेली असते. हा नियम उपयोगी आहे, पण बोर्डवर साखरेचा आकडा लिहिण्याची सक्ती त्यात नाही. वरच्या दोन्ही लाटे बोर्डवर अगदी एकसारख्या दिसतील. शिवाय तो आकडा कॅफेच्या ठरलेल्या कृतीचा असतो, त्याच मापाचा आणि त्याच दुधाचा. गिऱ्हाईकाने दूध बदलले किंवा क्रीम जास्त घ्यायला सांगितले की तो लागू राहत नाही. गल्लीतल्या एकट्या कॅफेला तर हा नियम लागूच होत नाही.

साखरेचा आकडा हवा असेल तर साखळी कॅफेंच्या संकेतस्थळावर किंवा मागितल्यावर दाखवल्या जाणाऱ्या पोषण-पत्रकात तो बऱ्याचदा सापडतो. तिथे मात्र एक गोष्ट सांभाळून वाचावी लागते. ‘एकूण साखर’ या रकान्यात दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोजही धरलेले असते. दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये ते साधारण ५ ग्रॅम असते, आणि दूध फुल क्रीम असो की स्किम्ड, त्यात फारसा फरक पडत नाही. व्हॅनिला लाटेच्या पत्रकात २८ ग्रॅम लिहिले असेल तर २४० मिलिलिटर दुधाचे १२ ग्रॅम वजा करायचे. उरले ते १६ ग्रॅम सिरपचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादा याच वरून घातलेल्या साखरेला आहे. मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखरही ती त्यातच मोजते, दुधातले लॅक्टोज मोजत नाही. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी अशा साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, ५ टक्क्यांच्या आत आला तर अधिक चांगले, असे ती संघटना सांगते. २,००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. मधुमेह असलेल्याला मात्र लॅक्टोज सोडून देता येत नाही. रक्तातली साखर तेही वाढवते, म्हणून त्याने दुधाचे १२ ग्रॅमही आपल्या कर्बोदकांच्या हिशेबात धरायला हवेत.

थंड पेयांकडे वळले की हिशेब आणखी बदलतो. जिभेला थंड पदार्थाचा गोडवा कमी जाणवतो, हे पहिले कारण. बर्फ वितळून पेय पातळ होते, हे दुसरे. या दोन्हींची भरपाई करायला थंड कॉफीत गरम कॉफीपेक्षा जास्त साखर घालावी लागते, तेव्हा कुठे ती तेवढीच गोड लागते. किती साखर होती हे अर्धवट राहिलेला फ्रापे उघडे पाडतो: तासाभराने तो खोलीच्या तापमानाला आला की पहिल्या घोटाला छान वाटलेले पेय घशाखाली उतरवणे कठीण होते.

तरीही सगळी थंड पेये जड नसतात. आइस्ड लाटेचेच पाहा. तिच्या ग्लासात बर्फ बरीच जागा घेतो, म्हणून त्याच मापाच्या गरम लाटेपेक्षा दूध कमी बसते आणि कॅलरीही कमी होतात. बिनसाखरेची आइस्ड अमेरिकानो किंवा कोल्ड ब्रू तर दहा-पंधरा कॅलरींच्या पलीकडे जात नाही. अडचण थंडपणाची नाही, ब्लेंडरमध्ये काय पडते त्याची आहे.

फ्रापेचा मूळ प्रकार ग्रीसचा. १९५७ मध्ये थेसालोनिकी शहरात तो जन्मला असे मानले जाते. इन्स्टंट कॉफी, थोडे पाणी आणि साखर एकत्र घुसळून फेस काढायचा, वर बर्फ आणि पाणी, हवे तर दूध, एवढेच. तिथे तो मागवतानाच साखरेचे प्रमाण सांगायची पद्धत आहे: बिनसाखरेचा, मध्यम किंवा गोड. प्रत्येक ग्लास समोर तयार होतो म्हणून हे जमते. आज आपल्याकडच्या कॅफेंत फ्रापे म्हणून मिळते ते वेगळ्या वळणाचे पेय आहे. स्टारबक्सने १९९५ मध्ये फ्रापुचिनो बाजारात आणल्यावर जगभर पसरलेला, बर्फ, दूध आणि गोड बेस एकत्र वाटून केलेला तो दाट प्रकार आहे.

या फ्रापेचा सगळा खेळ त्या बेसवर चालतो. नुसते दूध, कॉफी आणि बर्फ ब्लेंडरमधून फिरवले तर दोन मिनिटांत बर्फाचा चुरा वर आणि पाणचट दूध खाली, असे दोन थर होतात. ते होऊ नये म्हणून कॅफे तयार पावडर किंवा दाट द्रव वापरतात. त्यात साखर, दुधाची पावडर किंवा वनस्पती तेलाची क्रीम पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन आणि थर धरून ठेवणारा डिंकासारखा घटक असतो. साखर इथे केवळ गोडीसाठी नसते. साखर विरघळलेले पाणी शून्य अंशाच्या खाली गोठते, त्यामुळे पेय कडक गोळा न होता मऊ राहते. म्हणूनच काउंटरवर ‘साखर नको’ म्हटले की बरिस्ता फार तर सिरपचा पंप वगळू शकतो. बेसमधली साखर कारखान्यातच मिसळलेली असते, ती कोणालाच काढता येत नाही.

कॅरॅमल फ्रापेचा ३५० मिलिलिटरचा एक कप घटकांनिशी उलगडून पाहिला तर हे नीट कळते. प्रत्येक कॅफेची कृती थोडी वेगळी असते, पण अंदाज यायला पुढचे प्रमाण पुरेसे आहे. टोन्ड दूध १०० मिलिलिटर, त्याच्या ५८ कॅलरी. बेस पावडर ३० ग्रॅम, तिच्या सुमारे १२० कॅलरी आणि २० ग्रॅम साखर. आत ढवळलेला कॅरॅमल सॉस २० ग्रॅम, त्याच्या ६० कॅलरी आणि १२ ग्रॅम साखर. वर फेटलेले क्रीम ३० ग्रॅम, त्याच्या ९० कॅलरी. आपल्याकडे अनेक कॅफे वनस्पती तेलाचे, आधीच गोड केलेले क्रीम वापरतात, म्हणून त्यात ५ ग्रॅम साखर धरायची. शेवटी त्या क्रीमवर ओढलेल्या सॉसच्या नक्षीच्या आणखी २५ कॅलरी आणि ५ ग्रॅम साखर. बेरीज ३५३ कॅलरी आणि वरून घातलेली साखर ४२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २५ ग्रॅमची मर्यादा एका कपातच ओलांडली जाते आणि ५० ग्रॅमची जवळ येऊन ठेपते.

आता यातून एकेक गोष्ट कमी करत जाऊ. बहुतेक जण पहिल्यांदा क्रीम नको म्हणतात, आणि कॅलरींच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर आहे, कारण एका फटक्यात ९० कॅलरी जातात. साखर मात्र फक्त ५ ग्रॅमने घटते. वरची नक्षी काढली की आणखी ५ ग्रॅम. इथवर पेय २३८ कॅलरी आणि ३२ ग्रॅम साखरेवर येते. आतला कॅरॅमल सॉसही वगळला, म्हणजे कॅरॅमल फ्रापेतले कॅरॅमलच काढले, तर १७८ कॅलरी आणि २० ग्रॅम साखर उरते. काढता येण्याजोगे सगळे काढूनही हा साधा कॉफी फ्रापे साखरेत व्हॅनिला लाटेच्या पुढेच राहतो. फ्रापेला तडजोडी करून हलके करण्यात फारसा अर्थ नाही, तो ही त्याच्या रचनेचीच मर्यादा आहे. तो आवडत असेल तर गोड पदार्थ समजून, क्वचित आणि लहान मापात घ्यावा. रोजची कॉफी म्हणून त्याची निवड चुकीची ठरते.

मुंबई-पुण्याच्या कॉलेजांजवळच्या कॅफेंत मिळणारी कोल्ड कॉफी या दोघींच्या मधली आहे, आणि तिच्यात बदलाला सर्वांत जास्त वाव आहे. दूध, इन्स्टंट कॉफी, साखर आणि बर्फ मिक्सरमधून फिरवायचे, वर आइस्क्रीमचा गोळा आणि ग्लासच्या कडेने चॉकलेट सॉस, ही तिची ओळखीची कृती. फुल क्रीम दूध २०० मिलिलिटर, तीन चमचे म्हणजे १५ ग्रॅम साखर, ६० ग्रॅम व्हॅनिला आइस्क्रीम आणि १० ग्रॅम सॉस असे धरले तर दुधाच्या १७४, साखरेच्या ६०, आइस्क्रीमच्या सुमारे १२० आणि सॉसच्या २८, अशा ३८२ कॅलरी होतात. वरून आलेली साखर ३३ ग्रॅमच्या आसपास. कॅलरींत ती कॅरॅमल फ्रापेच्याही पुढे जाते.

फरक हा की इथली साखर चमच्याने पडते. मिक्सर फिरवण्याआधी सांगितले तर ती न घालता येते. आइस्क्रीमची स्वतःची गोडी, साधारण १२ ग्रॅम, पूर्ण ग्लासभर पसरते आणि ती बहुतेकांना पुरते. साखर आणि सॉस वगळलेल्या या ग्लासात २९४ कॅलरी उरतात, पण साखर ३३ वरून १२ ग्रॅमवर येते. उलट, आइस्क्रीम वगळून साखर ठेवली तर कॅलरी जास्त उतरतात आणि साखर कमी उतरते. वजन सांभाळणारा आणि साखर सांभाळणारा, दोघांनी एकाच ग्लासात वेगवेगळी गोष्ट सोडायची असते.

मात्र हे सगळे कॉफी ताजी घुसळली जात असेल तरच. गर्दीच्या ठिकाणी कोल्ड कॉफी सकाळीच मोठ्या जगमध्ये साखरेसकट करून फ्रीजमध्ये ठेवतात आणि मागणी आली की ग्लासात ओततात. काही ठिकाणी ती तयार पावडरीची असते आणि यंत्राच्या नळातून येते. अशा कॉफीत ‘साखर कमी’ म्हणण्याला अर्थ उरत नाही. ऑर्डर दिल्यावर मिक्सरचा आवाज न येता मिनिटभरात ग्लास समोर आला, तर ती बहुधा आधी करून ठेवलेली असते. सरळ विचारणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग: ‘आत्ता बनवणार का, साखर आधीच घातलेली आहे का?’ कॉफी करणाऱ्याला याचे उत्तर नक्की माहीत असते, आणि तो ते सांगतोही.

हाच प्रश्न मेन्यूवरच्या आणखी काही पेयांना विचारावा लागतो. नावावरून हलक्या वाटणाऱ्या माचा लाटे आणि चाय लाटे बऱ्याचदा गोड पावडरीच्या किंवा गोड अर्काच्या केलेल्या असतात. हॉट चॉकलेटही अनेक ठिकाणी साखर मिसळलेल्या पावडरीचे असते. व्हिएतनामी कॉफीत गोड कंडेन्स्ड मिल्क असते आणि त्याच्या ४० ग्रॅममध्ये, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत, २२ ग्रॅमच्या आसपास साखर येते. ती कमी करायची तर कंडेन्स्ड मिल्कच अर्धे घालायला सांगावे लागते. गूळ किंवा मध घातलेल्या लाटे आरोग्यदायी म्हणून मिरवल्या जातात, पण शरीराच्या आणि कॅलरींच्या हिशेबात ती साखरच आहे.

फ्लेवर्ड लाटेच्या बाबतीत पंप कमी करायला सांगणे हा उपाय चांगला चालतो, कारण सिरप कपात शेवटी किंवा वेगळे पडते. फक्त पंपाचे माप सगळीकडे एक नसते. कुठे एका दाबाला ५ मिलिलिटर येते, कुठे १०, आणि दाट चॉकलेट वा कॅरॅमल सॉसच्या पंपाला त्याहूनही जास्त. त्यामुळे ‘एक पंप’ सांगण्यापेक्षा ‘नेहमीच्या निम्मे’ सांगितलेले बरे. कपाचे माप वाढले की पंपही वाढतात, हेही लक्षात ठेवायला हवे. साखळी कॅफेंत लहान, मध्यम, मोठा असे कप ३, ४, ५ पंपांचे असणे नवे नाही. मोठा कप घेणाऱ्याला वाटते आपण जास्त कॉफी घेतली. प्रत्यक्षात एस्प्रेसोचे शॉट अनेकदा तेवढेच राहतात, वाढते ते दूध आणि सिरप.

शुगर-फ्री सिरपने व्हॅनिला लाटेतले १६ ग्रॅम खरोखर जातात, दुधाच्या १४० कॅलरी तशाच राहतात. फ्रापेत ते घातले तरी बेसची साखर राहतेच, म्हणून तिथे ‘शुगर-फ्री’ हा शब्द फसवा ठरतो. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र तिने या शिफारशीतून वगळले आहे.

दूध बदलण्याचा विचार करताना ओट मिल्कबद्दल एक गैरसमज आहे. ते वनस्पतीजन्य असल्याने हलके असेल असे वाटते. ते तयार करताना विकरांच्या साहाय्याने ओटमधल्या पिष्टाचे माल्टोज या साखरेत रूपांतर होते, आणि कॉफीत नीट फेस यावा म्हणून कॅफेच्या खास ओट मिल्कमध्ये तेलही असते. कॅलरी खरोखर उतरवायच्या तर बिनसाखरेचे बदाम दूध किंवा स्किम्ड दूध उपयोगाचे. स्किम्डच्या १०० मिलिलिटरमध्ये ३५ च्या आसपास कॅलरी असतात. सोया दूध घेताना ते बिनसाखरेचे आहे ना, हे विचारून घ्यावे. बाजारातले बरेच सोया दूध गोड केलेले असते.

रोज कॅफेत जाणाऱ्यासाठी सर्वांत सोपी रीत म्हणजे गोडी न घातलेले पेय मागवणे आणि साखर स्वतः घालणे. १८० मिलिलिटरच्या लहान कॅपुचिनोत टोन्ड दूध १२० मिलिलिटरच्या आसपास असते, त्याच्या ७० कॅलरी. त्यात एक पुडी साखर घातली तरी ९० कॅलरी आणि ५ ग्रॅम साखर होते. थंड हवे असेल तर आइस्ड लाटे घेऊन सिरप वेगळे मागावे, कारण थंड दुधात दाणेदार साखर विरघळत नाही आणि तळाशी बसते. क्रीम, सॉस आणि ब्लेंडर यांच्या वाटेला न गेलेली ही दोन्ही पेये कोणत्याही कॅफेत मिळतात, आणि त्यांतली साखर पूर्णपणे पिणाऱ्याच्या हातात राहते.